फळ्यावरची तारीख

वर्गात गेल्याबरोबर फळ्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहायची, ही माझी नोकरी लागल्यापासूनची सवय. 2024 च्या जुलैत, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडून आठवडाच झाला असेल, सहावीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तारीख रोज खाली खाली का येऊन राहिली?" मी दोन पावलं मागे सरकून पाहिलं. तारीख फळ्याच्या मधोमध आली होती, माझ्या नाकाच्या उंचीवर. मला वाटत होतं की मी ती नेहमीच्याच जागी लिहिते आहे.

ती तारीख परत वर जायला वर्ष लागलं. त्या काळात आमच्या योगवर्गाच्या ताईंनी माझ्यासाठी जे केलं, ते मला नीट लिहून ठेवायचं आहे. निरोपाच्या दिवशी मला ते धड बोलता आलं नाही.

सुरुवात मे महिन्यात झाली. नागपुरात मे म्हणजे कूलर, आणि आमच्या कूलरला नळाची जोडणी नाही. सकाळ-संध्याकाळ बादलीने टाकी भरावी लागते. उजवा खांदा दुखायला लागला तेव्हा घरात सगळ्यांचं एकच मत पडलं, बादल्यांनी लचक भरली. मलाही तेच वाटलं. बाम लावला, शेकलं, टाकी भरायचं काम मुलाने घेतलं. पण लचक चार-आठ दिवसांत उतरते, हे दुखणं वाढत गेलं. जूनमध्ये उजव्या कुशीवर झोपणं बंद झालं. मग पदराला मागून पिन लावणं बंद झालं. रात्री दोन-अडीचला खांद्यातून अशी कळ यायची की उठून पलंगावर बसून राहायचं.

याच दिवसांत मी एक चूक केली. ओळखीच्या कुणीतरी एका मालिशवाल्याचं नाव सुचवलं. त्याने तेल लावून खांदा चोळला आणि "जाम झाला आहे, मोकळा करून देतो" म्हणत हात धरून एकदम वर ओढला. डोळ्यांपुढे अंधारी आली. पुढचे तीन दिवस हात पोटाशी धरूनच वावरले, आणि आधी जेवढा वर जात होता तेवढाही जाईना.

आमच्या शेजारच्या वहिनी प्रतापनगर भागातल्या एका समाजभवनात सकाळच्या योगवर्गाला जायच्या. त्यांनी मला तिथे नेलं. ताई माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान असतील. माझी कल्पना होती की त्या चार आसनं सांगतील आणि महिन्याची फी घेतील. त्यांनी मला सतरंजीवर उताणं झोपवलं आणि म्हणाल्या, "काकू, आता तुम्ही हात उचलू नका. सैल सोडा. मी उचलते." त्यांनी हळूहळू हात वर नेला. खांद्याच्या जरा वर गेल्यावर तो थांबला, जणू आत कुणी खुंटी ठोकली होती. मग कोपर कमरेला टेकवून त्यांनी पंजा बाहेरच्या बाजूला वळवून पाहिला. डावा हात दार सताड उघडावं तसा बाहेर गेला. उजव्याचं दार फटीएवढंच उघडलं.

"तुम्ही उचलला तरी नाही जात, अन् मी उचलला तरी तिथंच अडकते," त्या म्हणाल्या. "नुसता स्नायू दुखावला असता तर माझ्या हातानं वर गेला असता. हे आधी हाडाच्या डॉक्टरला दाखवा. फोटो काढा अन् शुगर तपासून घ्या. मग या." फी घेतली नाही, नावही लिहून घेतलं नाही. वहिनींना ते जरा लागलं. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की माझ्या खांद्याकडे कुणीतरी खरंच पाहिलं.

एक्स-रे अगदी स्वच्छ निघाला. डॉक्टरांनीही तसाच हात उचलून, बाहेर वळवून पाहिला आणि फ्रोझन शोल्डर असल्याचं सांगितलं. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ पिशवीसारखं आवरण असतं. ते सुजतं, जाड होतं आणि आकसतं. चाळिशी ते साठीच्या दरम्यान हे जास्त दिसतं, बायकांमध्ये अधिक, आणि मधुमेह असेल तर आणखी जास्त. ताईंनी शुगरचं का विचारलं ते तेव्हा कळलं. माझी तीन महिन्यांची सरासरी 8.2 आली. मला मधुमेह आहे हे मला खांद्याने सांगितलं.

डॉक्टरांनी सांध्यात स्टिरॉइडचं एक इंजेक्शन दिलं. त्याने काही दिवस शुगर वाढते म्हणून रोज तपासायला लावली, आणि ती वाढलीही. पण रात्रीची कळ निम्म्यावर आली. माझ्या सुधारण्यात त्या इंजेक्शनचा आणि मधुमेहाच्या गोळ्यांचा वाटा आहे. ताईंचे आभार मानताना तो लपवला तर ताईंनाच आवडणार नाही.

ऑगस्टच्या मध्यावर मी वर्गात दाखल झाले. पहिले अडीच महिने ताईंनी मला काय करू दिलं नाही, त्याचीच यादी मोठी आहे. सूर्यनमस्कार नाही, भुजंगासन नाही, हातांवर वजन येईल असं काहीच नाही. बाकीच्या बायका पर्वतासनात असायच्या तेव्हा मी खुर्चीच्या पाठीवर डावा हात टेकवून, कमरेतून वाकून, उजवा हात खाली नुसता लोंबकळत सोडायची. याला त्या पेंडुलम म्हणायच्या. हात आपण हलवायचा नाही, शरीर हलकेच डोलवायचं की हात आपोआप झुलतो. जेवणाच्या ताटाएवढा गोल, त्याहून मोठा नाही. दोन मिनिटं, दिवसातून तीन वेळा, आणि त्याआधी दहा मिनिटं गरम पाण्याची पिशवी.

मला शवासनातसुद्धा दुखायचं, याचं मला नवल वाटायचं. आराम करायच्या आसनात कसलं दुखणं? ताईंनी एकदा वाकून पाहिलं आणि टॉवेलची जाड घडी माझ्या उजव्या कोपराखाली सरकवली. उताणं झोपलं की कोपर जमिनीकडे खाली जातं आणि खांद्याचं पुढचं आवरण ताणलं जातं. कोपर चार बोटं उचललं की ताण जातो. घरीही मी तशीच घडी, वर पोटाजवळ एक उशी घेऊन झोपायला लागले. त्या रात्री मी सलग पाच तास झोपले. कितीतरी आठवड्यांनंतर.

किती दुखलेलं चालतं, याचं त्यांचं माप माझ्या अजून लक्षात आहे. "करताना थोडं दुखन, चालते. पण व्यायाम झाल्यावर चहा ठेवा. चहा पिऊन कप धुवेपर्यंत दुखणं पहिल्यासारखं शांत झालं पाहिजे. नाही झालं तर आज जास्त झालं, उद्या निम्मं करा. अन् रात्री कळ आली तर उद्या फक्त पेंडुलम." मी हे एका शंभर पानी वहीत लिहून ठेवलं. रोजच्या तारखेपुढे दोन खुणा असायच्या, चहाची आणि रात्रीची.

दिवाळीनंतर रात्रीचं दुखणं गेलं. मला वाटलं, सुटलो. ताई म्हणाल्या, आता खरं काम आहे. दुखणं कमी होतं पण सांधा घट्टच राहतो, असा हा मधला काळ असतो, आणि तो लांबतो. आता त्यांनी काठी दिली. उताणं झोपायचं, दोन्ही कोपरं कमरेशी, उजवं कोपर आणि बरगड्या यांच्यामध्ये रुमालाची घडी. काठी दोन्ही हातांत आडवी धरायची आणि डाव्या हाताने ढकलत उजवा पंजा बाहेर न्यायचा. घडी पडली तर समजायचं की कोपर निसटलं, म्हणजे सांधा वळत नाही, नुसता दंड बाजूला जातो आहे. जिथे अडेल तिथे दहा श्वास थांबायचं. हात वर जाण्याआधी हे बाहेर वळणं का, असं मी विचारलं. दंडाचं हाड बाहेर वळल्याशिवाय डोक्यावर जातच नाही, त्या म्हणाल्या. डावा हात वर नेऊन पाहा. मी पाहिलं. खरंच, वर जाता जाता तळवा आपोआप वळतो. इतकी वर्षं हात वापरून हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

आणि मग भिंत. हॉलच्या एका कोपऱ्यात भिंतीवर बोटांनी चढायचं, मुंगीसारखं, आणि जिथपर्यंत मधलं बोट पोचेल तिथे पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहायची. दर शनिवारी एकदाच. डाव्या हाताची रेघ जमिनीपासून 188 सेंटिमीटरवर होती. उजव्याची पहिली 142 वर.

दुसऱ्या शनिवारी 146, तिसऱ्याला 150, चौथ्याला 153. मला इतका आनंद झाला की मी घरी फोन करून सांगितलं. पाचव्या शनिवारी ताई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. मी चढले. त्या काहीच बोलल्या नाहीत. मग त्यांनी मागून एक तळहात माझ्या खांद्यावर, मानेच्या बाजूला ठेवला आणि दुसरा कमरेला लावला. "आता चढा." बोटं 145 वर अडली.

"काकू, हात नाही वर चालला. खांदा कानाकडे चालला अन् कंबर डावीकडे वाकून राहिली. सेंटिमीटर तुमच्या कमरेनं दिले, सांध्यानं नाही."

त्यांनी पर्समधून खोडरबर काढलं आणि माझ्या पहिल्या रेघेवरच्या तिन्ही रेघा पुसल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. एक महिन्याची मेहनत होती ती. पण त्यांनी तिथेच जमिनीवरच्या फरशीची एक सांध दाखवली. दोन्ही पायांची बोटं या रेषेवर, उजव्या कानात आणि खांद्यात चार बोटांचं अंतर राहिलंच पाहिजे, डावा हात कमरेवर ठेवून कंबर वाकते का ते स्वतःच जाणायचं. खांदा कानाला भिडायला लागला की तिथेच थांबायचं आणि तीच रेघ मारायची, कितीही खाली असो. मग त्यांनी 145 वर स्वतः रेघ मारली.

मी मुलांच्या वह्या तपासते. बरोबर पद्धतीने आलेलं चुकीचं उत्तर आणि कुठून तरी उतरवलेलं बरोबर उत्तर यांतला फरक मी जन्मभर मुलांना सांगत आले. तरीही माझ्या भिंतीवर तीन रेघा उतरवलेल्या होत्या, आणि ते मला दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून मी वहीत तिसरी खूण करायला लागले, कानाची.

डिसेंबर-जानेवारीत रेघ 154 वर पोचली आणि तिथून जवळजवळ हललीच नाही. पाच शनिवार 154-155. तेव्हा मी चोरून जास्त केलं. सकाळी वर्गात, दुपारी शाळेच्या स्टाफरूममध्ये, रात्री घरी, शिवाय दाराच्या चौकटीला धरून लोंबकळून पाहिलं. चौथ्या रात्री जुनी कळ परत आली. वही पाहून ताईंना विचारायचीही गरज पडली नाही, रात्रीच्या रकान्यात खूण होतीच. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी काठी काढून घेतली आणि आठ दिवस मला परत पेंडुलमवर आणलं. "हे आवरण दोरीसारखं नाही की ओढलं अन् सुटलं. ओढलं की ते परत सुजते, अन् सुजलं की परत आकसते. त्याला रोज थोडं थोडं सांगा लागते." मालिशवाल्याकडे माझं काय झालं होतं, त्याचा उलगडा मला सात महिन्यांनी झाला.

फेब्रुवारीच्या शेवटी रेघ चालायला लागली. एप्रिलमध्ये 168. उन्हामुळे वर्ग साडेपाचला भरायचा, तरी हॉलमध्ये घामाच्या धारा लागायच्या. कूलर सुरू झाला की ताई मला वाऱ्याच्या झोतातून उठवून पलीकडे बसवायच्या. त्या वर्षी घरची कूलरची टाकी मी एकदाही भरली नाही, मुलाने भरली. मे महिन्यात त्यांनी अर्धा लिटरची पाण्याची बाटली हातात दिली आणि ती घेऊन हात वर न्यायला लावला. इतके महिने न वापरल्याने दंड उजवीकडे दिसण्याइतका बारीक झाला होता. सांधा मोकळा झाला म्हणून हातात जोर आपोआप येत नाही. खडू धरून हात वर नेणं वेगळं आणि तो तिथे धरून सात-आठ अक्षरं लिहिणं वेगळं.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे मला आणखी काही दिवस मिळाले. 2025 च्या जूनअखेर मी वर्गात गेले, हजेरी घेण्याआधी फळ्याकडे वळले आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहिली. शेवटचे दोन आकडे काढताना हात थरथरला, 25 मधला 5 वाकडा आला. तो मी पुसला नाही. आदल्या वर्षी विचारणारी मुलगी आता सातवीत गेली होती. मधल्या सुट्टीत ती दाराशी आली, फळ्याकडे पाहिलं आणि "मॅडम, गेली वर!" म्हणून पळाली. मी दार लावलं आणि दोन मिनिटं खुर्चीवर बसून राहिले.

सप्टेंबरच्या शेवटी रेघ 184 वर आली. डाव्यापेक्षा चार सेंटिमीटर कमी. पाठीमागचा हात मात्र अजून पूर्ण आलेला नाही. डाव्या हातात ओढणी वरून सोडायची, उजव्याने खालून धरायची आणि डाव्याने हळूहळू वर खेचायची, हे चालू आहे. उजवा अंगठा कमरेच्या वर वीतभर जातो, तिथे थांबतो. पदराची पिन अजूनही सूनच लावते. हे वळण सगळ्यात शेवटी येतं असं ताई सांगतात. कधीकधी थोडं राहूनही जातं, हेही त्यांनीच सांगितलं.

2 ऑक्टोबरला दसरा होता आणि त्याच्या आदल्या दिवशी आमच्या तुकडीचा शेवटचा वर्ग. ताई दिवाळीपर्यंत सुट्टी घेणार होत्या, नंतर नवी तुकडी. बायकांनी वर्गणी काढून साडी आणली होती, संत्राबर्फी आणली होती. साडी ताईंनी हात लावून परत केली, बर्फी सगळ्यांना वाटली. मी आपट्याची पानं घेऊन गेले होते, दसरा दुसऱ्या दिवशी असला तरी. आणि वही.

मी पाठ करून गेले होते काय बोलायचं ते. पानं त्यांच्या हातावर ठेवली आणि एवढंच म्हटलं, "ताई, तुम्ही माझा हात वर नेला." त्यांनी लगेच मान हलवली.

"मी नाही नेला. हा खांदा दोन-तीन वर्षांत पुष्कळदा आपल्या आपणच सुटते, काकू. इंजेक्शन होतं, शुगर तुम्ही सांभाळली."

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सुचतं आहे. ताई, तो आपोआप सुटला असता, पण तो मी सुटू दिला नसता. मी परत त्या मालिशवाल्याकडे गेले असते, चौकटीला लोंबकळले असते, कमरेने सेंटिमीटर मिळवून स्वतःला फसवत राहिले असते आणि शुगर कळायला आणखी वर्ष घालवलं असतं. तुम्ही पहिल्या दिवशी मला परत पाठवलं, आणि डिसेंबरात माझ्या रेघा पुसल्या. त्या दोन दिवसांसाठी मी तुमची ऋणी आहे.

वही त्यांनी उघडून पाहिली. रेघा पुसल्या त्या शनिवारच्या पानावर थांबल्या. "ही मला द्या," म्हणाल्या. "साडी नको, ही द्या. पुढच्या वेळी कुणी असा खांदा घेऊन आलं तर किती हळू जाते ते मी सांगून कुणाला पटत नाही." मी म्हटलं, चार दिवस द्या, चांगल्या अक्षरात उतरवून आणते. त्या म्हणाल्या, "उतरवू नका. अशीच द्या, खाडाखोडीसकट."

मी वही तिथेच ठेवून आले. निघताना त्या भिंतीकडे गेले. सगळ्यात वरच्या रेघेशेजारी तारीख लिहायची राहिली होती. पेन्सिल खिळ्याला दोऱ्याने बांधलेली होती. मी फरशीच्या सांधेवर पाय ठेवले, खांदा खाली सोडला, आणि उजव्या हाताने ती लिहिली.